ब्रँडची नियमावली: जाडजूड पुस्तक, ऑनलाइन लिंक की दोन पानी पत्रक?

नागपूरच्या गांधीबागेतलं एक मिठाईचं दुकान समजा. संत्रा बर्फी, चिवडा, दिवाळीचा फराळ. दोन शाखा, घरची चार माणसं, हिशेबाला एक ताई आणि इन्स्टाग्राम सांभाळणारा कॉलेजातला एक मुलगा. बाकी सगळं काम बाहेरचं: फ्लेक्स एकाकडे, दुकानाचा बोर्ड दुसऱ्याकडे, पाउच तिसऱ्याकडे, डबे आणि पिशव्या आणखी कुणाकडे. नवा लोगो तयार झाला की डिझायनर विचारतो, ‘लोगो, रंग आणि अक्षरं कशी वापरायची याची नियमावली कशी पाहिजे?’ आणि मालक गोंधळतो, कारण त्याच्यापुढे एकदम तीन गोष्टी येतात.

पहिली म्हणजे ब्रँड बुक: चाळीस ते साठ पानांची देखणी पीडीएफ. दुसरी म्हणजे ऑनलाइन पान किंवा ड्राइव्हची लिंक, जिथे नियम आणि फायली दोन्ही असतात आणि बदल केला की तो सगळ्यांना दिसतो. तिसरी म्हणजे दोन पानांचं पत्रक आणि त्यासोबत छपाईला तयार असलेल्या फायलींचं एक फोल्डर. या आढाव्यात तिन्ही पर्याय एकाच दुकानाच्या कामांवर घासून बघू. माझं मत आधीच सांगून टाकतो: एवढ्या आकाराच्या धंद्याला तिसराच पर्याय घ्यावा. उरलेले दोन कधी कामाचे, तेही पुढे येईलच.

सुरुवात नियमावली कोण वाचतो इथून करायला हवी. मालक ती एकदा वाचतो. डिझायनरने ती लिहिलेलीच असते. खरा वाचक म्हणजे फ्लेक्सच्या दुकानातला ऑपरेटर. संध्याकाळी सात वाजता त्याच्याकडे तान्ह्या पोळ्याचे आणि वाढदिवसाचे मिळून वीसेक फ्लेक्स रांगेत असतात, सगळ्यांना सकाळी माल हवा असतो. समोर व्हॉट्सअ‍ॅप वेब, शेजारी कोरल ड्रॉ, तेही बऱ्याचदा जुनं. तुमची अठ्ठेचाळीस पानांची पीडीएफ त्याने उघडली तरी तो ती वाचत नाही. कोरलमध्ये ओढून आणता येईल असं काही आहे का, एवढंच तो शोधतो. सहाव्या पानावर लोगो दिसला की त्याचा स्क्रीनशॉट घेतो, नाहीतर जुन्या चॅटमधल्या व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोवरून लोगो ट्रेस करतो. ट्रेस केलेल्या लोगोत गोलाई चपटी होते आणि अनुस्वाराचा टिंब शिरोरेखेला चिकटतो. रंग तर त्या फोटोत होता तोच येतो. दुसऱ्या दिवशी मालकाला वाटतं, फ्लेक्सवाल्याने निष्काळजीपणा केला. फ्लेक्सवाल्याचं म्हणणं साधं असतं: ‘भाऊ, पुस्तक मस्त आहे तुमचं, पण सीडीआर पाठवा नं.’

म्हणजे त्याला नियमांच्या आधी कोरलची फाइल हवी असते. बरोबर फाइल हातात असेल तर अर्धे नियम लिहावेच लागत नाहीत. ‘लोगो ताणू नये, रंग बदलू नये, सावली देऊ नये’ अशी सहा चित्रं ब्रँड बुकमध्ये लाल फुल्या मारून छापलेली असतात. त्यातल्या बहुतेक चुका हाताशी योग्य फाइल नसल्यामुळे होतात. पांढऱ्या पट्टीवरचा लोगो गडद पार्श्वभूमीवर लावायचा आहे आणि पारदर्शक फाइल नाही, मग ऑपरेटर त्याभोवती पांढरी चौकट ठेवतो किंवा कडेला चमक देऊन ती लपवतो. त्याला गडद पार्श्वभूमीसाठीची वेगळी फाइल द्या, ती लाल फुली तुम्हाला छापावीच लागणार नाही.

दुकानाच्या फोल्डरची मांडणी मी साधारण अशी करतो:

```
0_AADHI_HE_VACHA.pdf
1_FLEX_BOARD
2_PAUCH_DABBA_CHHAPAI
3_WHATSAPP_INSTA
4_FONT
```

पहिल्या आणि दुसऱ्या फोल्डरात सीडीआर आणि पीडीएफ, दोन्हींत अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट नसतानाही आकार तसाच राहील अशी. सीडीआर जुन्या आवृत्तीत सेव्ह करायची, कारण नव्या कोरलची फाइल जुन्या कोरलमध्ये उघडत नाही आणि ‘फाइल उघडत नाही भाऊ’ या निरोपानंतर पुन्हा स्क्रीनशॉटचाच रस्ता धरला जातो. तिसऱ्या फोल्डरात पारदर्शक पीएनजी. आणि पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत एक ओळ: ‘व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही.’ फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं, पारदर्शकता जाते, आणि लोगोमागे पांढरा किंवा काळा चौकोन येऊन बसतो. ही ओळ मला महागड्या ब्रँड बुकांत सहसा सापडत नाही. आपल्याकडे मात्र फाइलचा निम्मा प्रवास याच वाटेने होतो.

आता रंगाकडे वळू, कारण तिन्ही पर्यायांतला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. त्यात आपलं दुकान नागपूरचं, म्हणजे रंग नारंगी असणार हे जवळजवळ ठरलेलंच. नारंगी हा छपाईत त्रास देणारा रंग आहे. मोबाइलच्या पडद्यावर प्रकाशातून दिसणारा झगझगीत नारंगी चार शाईंच्या छपाईत तसाच उतरत नाही. पडद्यासाठीचा रंग ऑपरेटरने कोरलमध्ये आपोआप बदलू दिला आणि त्यात थोडीशी सायन शाई शिरली, की तो मळकट, तपकिरीकडे झुकलेला दिसतो. मॅजेंटा वाढली की शेंदरी होतो, कमी झाली की हळदीचा. ब्रँड बुकमध्ये बहुधा एक सुंदर पान असतं: मोठा नारंगी चौकोन आणि खाली चार ओळींत आकडे. पण ऑपरेटरचा प्रश्न ‘या रंगाचे आकडे काय’ असा नसतोच. तो विचारतो, ‘मी आत्ता फ्लेक्स काढतोय, कोणता आकडा घालू?’ त्यामुळे पत्रकात रंगाची यादी न देता कामांची यादी द्यावी आणि प्रत्येक कामापुढे एकच उत्तर. आपल्या दुकानासाठी ती अशी होईल:

| काम | काय वापरायचं |
|---|---|
| मोबाइल, वेबसाइट | #F57C00 |
| चकचकीत कागदावर ऑफसेट | C0 M60 Y100 K0 |
| फ्लेक्स | वरचेच आकडे, पण आधी एक फुटाचा तुकडा काढून मंजूर तुकड्याशी जुळवणे |
| पाउच | वेगळी स्पॉट शाई, मंजूर शेड कार्डाप्रमाणे. चमकत्या किंवा पारदर्शक फिल्मवर पांढऱ्या थरासह |
| विनाइल, एसीपी बोर्ड | शेड कार्डावरची कंपनी आणि नंबर |

प्रत्येक ओळीमागे कारण आहे. फ्लेक्सची मशीन, शाई आणि कापड दुकानागणिक वेगळं, त्यामुळे तेच आकडे महाल भागात एक रंग देतात आणि सदर भागात दुसरा. तिथे आकड्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही, तुकडाच जुळवावा लागतो. रंगीत विनाइल आणि एसीपीचा पत्रा यांचा रंग छापलेला नसतो, तो कारखान्यातूनच ठरून आलेला असतो. तिथे तुमचे आकडे घेऊन बोर्डवाला करणार काय? शेड कार्डातला सर्वांत जवळचा नंबर एकदा निवडून लिहून ठेवायचा, नाहीतर दर वेळी दुकानात असेल तो नारंगी लागतो.

पाउचचं प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण तिथे पैसा अडकतो. ग्रॅव्ह्युअर छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. नारंगी रंग पिवळी आणि मॅजेंटा एकमेकींवर चढवून करता येतो, किंवा त्याची स्वतंत्र शाई बनवून एका सिलिंडरवर छापता येतो. स्वतंत्र शाईत रंग एकसारखा राहतो, आणि लोगोच्या कडेला दोन शाई सरकून दिसणारी किनारही येत नाही. अशा वेळी छपाईवाले शेड कार्ड देतात: त्याच फिल्मवर छापलेले तीन तुकडे, फिका, बरोबर आणि गडद. मालक सही करतो, म्हणजे या दोन टोकांमधला कोणताही रंग मान्य. हे तीन तुकडेच पाउचपुरती खरी नियमावली आहेत, पीडीएफमधला चौकोन तिथे निरुपयोगी. आणि चमकत्या फिल्मवर किंवा पारदर्शक पाउचवर नारंगीमागे पांढरा थर नसेल तर रंग मरतो. चमकत्या फिल्मवर तो तांब्यासारखा दिसतो, पारदर्शक पाउचवर आतल्या चिवड्याचा पिवळेपणा त्यात मिसळतो. ‘पांढऱ्या थरासह’ हे दोन शब्द पत्रकात असले की नमुना पाहतानाच ही गोष्ट विचारली जाते. नसले तर ती माल आल्यावर कळते.

आणखी एक अगदी नागपुरी अडचण. आपलं ऊन. बाहेर लावलेल्या फ्लेक्सवर पिवळी आणि मॅजेंटा शाई काळ्या-निळ्याच्या आधी उडते, आणि नारंगी रंग नेमका त्या दोघींचाच बनलेला. एक उन्हाळा काढलेला फ्लेक्स फिका, पीच रंगाचा होतो. मग दिवाळीच्या आधी नवा फ्लेक्स करताना कुणीतरी म्हणतं, ‘जुन्यासारखाच कर’, आणि ऑपरेटर इमानेइतबारे त्या विटलेल्या रंगाशी जुळवतो. दोन-तीन वर्षांत ब्रँडचा रंग कुणीही न ठरवता बदललेला असतो. म्हणून पत्रकात स्पष्ट लिहायचं: ‘रंग लावलेल्या बोर्डावरून किंवा जुन्या फ्लेक्सवरून जुळवू नका. मंजूर तुकडा दुकानात पाकिटात आहे, मागून घ्या.’ पाकिटही काळ्या कागदाचं हवं, काउंटरवरच्या उन्हात पडलेलं नको.

अक्षरांच्या बाबतीत आपल्याकडच्या नियमावल्या बहुधा इंग्रजी साच्यातून येतात आणि म्हणूनच फसतात. पुस्तकात इंग्रजी फॉन्टचे पाच वजनप्रकार दिलेले असतात आणि मराठीसाठी ‘सुसंगत देवनागरी फॉन्ट वापरावा’ एवढीच ओळ. खरं तर दुकानाची पाटी मराठीतच लावावी लागते: महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान ठेवता येत नाहीत. म्हणजे इंग्रजी लोगो मोठा आणि खाली बारीक मराठी, ही मांडणी बोर्डावर चालणारच नाही. ज्या नियमावलीत मराठी लोगोची स्वतंत्र फाइल नाही, तिच्यामुळे बोर्डवाला आपल्या मनानेच मराठी नाव टाइप करतो, आणि तेही त्याच्याकडे असलेल्या कुठल्या तरी ठसठशीत फॉन्टमध्ये.

फॉन्टची दुसरी गाठ म्हणजे युनिकोड आणि जुने फॉन्ट. बऱ्याच छपाईच्या दुकानांत अजूनही श्री-लिपी किंवा कृतिदेव पद्धतीचे फॉन्ट चालतात. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो तिथे तसाच चिकटवता येत नाही, म्हणून ऑपरेटर पुन्हा टाइप करतो किंवा कन्व्हर्टरमधून काढतो. जुन्या कोरलमध्ये युनिकोड सरळ चिकटवलं तर वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार जागा सोडतो, जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. तो मजकूर मोबाइलवर पुन्हा नीट न वाचता छापला, की गावभर चर्चा.

यावर पत्रकात दोन उपाय पुरतात. एक, फॉन्ट असा निवडा जो व्हेंडरला मोकळेपणी देता येतो. ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे एक टाइपचे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, फोल्डरात ठेवले तरी कायद्याची अडचण नाही. विकतचा सुंदर फॉन्ट निवडलात तर तो परवान्याशिवाय सगळ्या व्हेंडरना देता येणार नाही, आणि नाही दिलात तर नियम कागदावरच राहील. दोन, एक चाचणीची ओळ ठेवा. या दुकानासाठी मी अशी देईन: ‘विदर्भातल्या दुसऱ्या पिढीची संत्रा बर्फी, शुद्ध तुपातली.’ हिच्यात वेलांटी आहे, रफार आहे, ‘दुसऱ्या’मधला डोळ्याच्या पापणीसारखा ऱ आहे, ‘त्र’ आहे आणि ‘द्ध’ आहे. व्हेंडरने कोणत्याही कामाआधी ही ओळ त्याच्या मशीनवर ठरलेल्या फॉन्टमध्ये लिहून तिचा फोटो पाठवायचा. या पाच जागा नीट असतील तर बाकी मजकूर जवळपास नक्कीच नीट येतो. ‘दुसर्या’ किंवा ‘शुद‍्ध’ असं दिसलं, की पुन्हा टाइप करून घेण्यापेक्षा मजकूर आपणच कर्व्ह करून द्यायचा. पूर्ण मराठी समजणारा तपासनीस असेलच असं नाही, पण पाच जागा कुणालाही तपासता येतात, हिशेबाच्या ताईंनाही.

नियम कोणत्या भाषेत लिहावेत, हाही पुस्तक आणि पत्रक यांतला फरकच. ब्रँड बुकमध्ये मोकळ्या जागेचं मोजमाप लोगोतल्या एखाद्या भागाला एक्स मानून लिहिलेलं असतं. डिझायनरला ते सोपं वाटतं. फ्लेक्सवाला फुटांत बोलतो, डब्यावाला इंचांत. मग पत्रकात सरळ लिहा: ‘दहा बाय चारच्या फ्लेक्सवर लोगो तीन फूट रुंद, डाव्या बाजूला, काठापासून किमान सहा इंच आत.’ सहा इंच का, तर काठाचा भाग फ्रेमवर मागे दुमडला जातो आणि आयलेटही तिथेच ठोकतात. चार इंचांवर ठेवलेला लोगो कागदावर छान दिसतो आणि खांबावर त्याची कड गायब होते. लहान छपाईसाठी तसंच: ‘लोगो एक इंचापेक्षा लहान असेल तर खालची ओळ काढलेली फाइल वापरा.’ देवनागरीत उकार, रफार आणि अनुस्वार बारीक असतात. पाउचवर गडद रंगातून पांढरं अक्षर काढलं की शाई त्या बारीक जागेत भरते आणि उकार बुजतो. इंग्रजी लोगोसाठी चालणारा किमान आकार म्हणूनच मराठी लोगोला तसाच लावता येत नाही.

ऑनलाइन लिंकबद्दल थोडक्यात. आतल्या टीमसाठी ती उत्तम. इन्स्टाग्रामवाल्या मुलाला नवा टेम्पलेट टाकून देता येतो, जुनी फाइल काढून टाकता येते, ‘फायनल’, ‘फायनल दोन’ आणि ‘खरंच फायनल’ यांचा गोंधळ मिटतो. पण बाहेरच्या व्हेंडरकडे ती अडखळते. ड्राइव्हवर परवानगी मागणारं पान उघडतं, विनंतीचा ईमेल जातो एका अशा पत्त्यावर जो कुणी बघत नाही, आणि काम सकाळपर्यंत हवं असतं. म्हणून लिंक ठेवायचीच असेल तर ‘लिंक असलेला कुणीही बघू शकेल’ अशी ठेवा, फोल्डर फक्त बघण्यापुरतं, आणि पत्रकावर तिचा क्यूआर छापा. लिंक म्हणजे गोदाम. पत्रक म्हणजे दुकानाची पाटी. दोघांना एकमेकांचं काम दिलं की दोन्ही बिघडतात.

मग जाड पुस्तक कुणी करावं? ज्यांच्याकडे ते पाळलं जातंय की नाही हे बघणारा माणूस पगारावर आहे, त्यांनी. फ्रँचायझी देणारी साखळी, अनेक शहरांत शाखा, दोन-तीन जाहिरात संस्था एकाच वेळी कामावर. अशा ठिकाणी जाहिरातीचा सूर, फोटो कसे काढायचे, कुणासोबत लोगो लावायचा, हे सगळं लिहूनच ठेवावं लागतं, दोन पानांत ते मावत नाही. पण आराखडा कागदावर दिल्याने तो तसाच पाळला जातो असं नाही, याचं प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचं आहे. 1966 मध्ये मास्सिमो विन्येल्ली आणि बॉब नूर्डा यांच्या युनिमार्क कंपनीने स्थानकांच्या पाट्यांची नवी रचना सुचवली. त्यांच्या आराखड्यात पाटीच्या माथ्यावरची काळी पट्टी म्हणजे पाटी अडकवायची धातूची पट्टी होती. रेल्वेच्या पाट्यांच्या कार्यशाळेतल्या कारागिरांनी ती रचनेचाच भाग समजून पाटीवर रंगवली, आणि पुढे 1970 मध्ये सविस्तर नियमपुस्तिका आली तेव्हा ती पट्टी तिच्यातही राहिली. कारागिरांना त्यात दोष देता येत नाही. त्यांच्या हातात रेखाटन होतं, ते त्यांनी जसं दिसलं तसं केलं. आपल्या ऑपरेटरचंही तसंच असतं. रेखाटनात मार्जिनची तुटक रेघ दाखवलीत आणि ‘ही छापू नका’ असं लिहिलं नाहीत, तर ती छापून येण्याची शक्यता बरीच आहे. फाइलमधल्या अशा मदतीच्या रेघा काढूनच द्या.

आता निवड करणाऱ्याचा नेहमीचा प्रश्न: पत्रक खरंच पाळलं जाईल हे आधी कसं कळणार? सोपी चाचणी आहे. पत्रक आणि फोल्डर तयार झालं की ज्याने तुमचं काम कधीच केलेलं नाही अशा एका फ्लेक्सवाल्याला ते पाठवा, आणि तीन बाय दोनचा एक फ्लेक्स सांगा. तोंडी काहीही समजावू नका. तो जे जे विचारायला फोन करेल ते लिहून ठेवा. ‘मागे कोणता रंग?’ ‘फोन नंबर कुठे?’ ‘इंग्रजी नाव पण टाकू का?’ यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे पत्रकात नसलेली एक ओळ. आणि त्याने न विचारता जे चुकवलं, ती ओळ पत्रकात आहे पण सापडत नाही किंवा समजत नाही. ती वर न्या किंवा तिच्याऐवजी तयार फाइल द्या. मग दुसऱ्या दुकानात हेच करा. ब्रँड बुकची अशी चाचणी घ्यायला गेलात तर बहुधा एकही फोन येणार नाही, कारण ते उघडलेलंच नसेल, आणि ती शांतता पाहून बरेच मालक समाधान मानतात.

पालनाचा दुसरा भाग पैशाशी बांधलेला असावा लागतो. ऑर्डर देताना, मग ती व्हॉट्सअ‍ॅपवरची दोन ओळींची का असेना, त्यात लिहा: ‘सोबतच्या पत्रकाप्रमाणे. छापण्याआधी प्रूफचा फोटो मंजूर करून घ्यावा. मंजूर प्रूफपेक्षा वेगळं आलं तर पुन्हा छापून द्यावं.’ त्या बदल्यात मालकानेही प्रूफ आल्यावर अर्ध्या तासात हो किंवा नाही सांगायला हवं. रात्री आठला आलेलं प्रूफ सकाळी अकराला बघणाऱ्या मालकाने व्हेंडरला नियमावर बोट ठेवायला सांगू नये, ते जमणार नाही. पत्रकावर म्हणूनच एका माणसाचं नाव आणि नंबर असावा, ‘शंका असल्यास मालकांशी संपर्क’ असं मोघम नको. घरात चार जण मालक असतात आणि चौघांचं मत वेगळं असतं. थोरले म्हणतात लोगो मोठा कर, धाकट्याला सोनेरी हवा असतो, आणि ऑपरेटर शेवटचा फोन ज्याचा आला त्याचं ऐकतो.

हे सगळं लक्षात घेऊन निवड अशी करावी. बाहेरचे व्हेंडर तीनपेक्षा जास्त आणि आतली माणसं पाच-सहाच असतील तर पत्रक आणि फोल्डर. डिझायनरला त्याचेच पैसे द्या आणि ब्रँड बुक नको म्हणून सांगा. डिझायनर कुरकुरेल, कारण त्याच्या पोर्टफोलिओत पुस्तक छान दिसतं. बहुतेक काम मोबाइलवरच होत असेल, समजा क्लासेस किंवा घरून केकचा धंदा, तर ऑनलाइन लिंक आणि कॅनव्हासारख्या ठिकाणचे तयार टेम्पलेट पुरेत; छपाईपुरतं पत्रकाचं एकच पान करून ठेवा. वर्धा रोडवर किंवा शहराबाहेर फ्रँचायझी द्यायचा विचार पक्का असेल तर पुस्तक कराच, पण ते फ्रँचायझी घेणाऱ्याच्या करारासोबत जाईल. फ्लेक्सवाल्याच्या हातात तेव्हाही पत्रकच द्यायचं, पुस्तकातून काढलेलं आणि त्याच्याशी जुळणारं.

एक व्यावहारिक सूचना राहिली. पत्रकावर तारीख छापा, फायलींच्या नावातही तीच घाला, आणि वर्षातून एकदा, शक्यतो उन्हाळा संपल्यावर, ते काढून बघा. शेड कार्डाचे तुकडे त्याच वेळी पाउचवाल्याकडून नवे करून घ्या, कारण पाकिटात ठेवलेला छापील नमुनाही हळूहळू बदलतो. जुनं पत्रक व्हेंडरच्या चॅटमध्ये तसंच पडून राहतं, ते तुम्हाला काढून टाकता येत नाही. म्हणून नवं पाठवताना पहिली ओळ अशी असू द्या: ‘याआधीचं पत्रक रद्द. मागच्या फायली वापरू नका.’ आणि त्याच मेसेजच्या खाली लगेच नव्या फायली, डॉक्युमेंट म्हणून.